नवीन ओळखीत पहिल्यांदा वाढदिवसाच्या शुभेच्छा देताना : इंदूरला नव्याने आलेल्यांसाठी

नाशिकहून इंदूरला आले त्याला आता सहा वर्षं झाली. सुदामानगरात पहिल्या मजल्यावर भाड्याने घर घेतलं, खाली घरमालकांचं नाही तर दुसरंच एक मराठी कुटुंब, तीन पिढ्या इंदूरातच गेलेलं. आल्यावर दीड महिन्यात खालच्या काकांचा वाढदिवस आला आणि मला खरंच कळेना की काय करायचं, कारण जिन्यात दोनदा नमस्कार झालेला, एकदा पाण्याच्या टाकीवरून बोलणं झालेलं, बस एवढीच ओळख. काहीच न बोलणं बरं दिसत नव्हतं आणि केक घेऊन दारात उभं राहणं पण बरं दिसत नव्हतं. तेव्हापासून नवीन शेजारी, ऑफिसातले नवीन लोक असं बऱ्याचदा झालंय, काही वेळा माझं चुकलंही. आता जे कोणी नव्याने इकडे येतात ते हेच विचारतात म्हणून एकदा नीट लिहून काढते.

एक गोष्ट आधी सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपल्या मराठी घरांत कुणाकडून आलेलं काही तसंच ठेवून घेत नाहीत, डबा आला तर रिकामा परत जात नाही, साखर का होईना पण घालतातच, आणि आहेराचं तर लोक वहीत लिहून ठेवतात. म्हणजे तुम्ही शुभेच्छांबरोबर जे काही नेता त्याची परतफेड समोरच्याच्या डोक्यावर येते. म्हणून देण्याआधी एवढंच बघायचं की याला उत्तर म्हणून समोरच्याला काय करावं लागेल. "थँक्यू हं" म्हणून काम भागत असेल तर बरोबर आहे. त्याला तुमच्यासाठी काहीतरी आणायला लागणार असेल, मोठा मेसेज लिहायला लागणार असेल, घरी बोलवायलाच लागणार असेल, तर पहिल्या वेळेसाठी ते जास्त झालं.

आधी तारीख पक्की करा

हे सगळ्यात पहिलं आणि इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. ऑफिसच्या सिस्टिममधली तारीख म्हणजे वाढदिवस असं समजू नका, खास करून पन्नाशीच्या पुढच्या माणसांचं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने जी तारीख लिहिली तीच पुढे सगळ्या कागदांवर चिकटली, असं खूप जणांचं आहे. महाराष्ट्रात १ जून वाले भरपूर भेटतात, इकडे १ जुलै वाले. माझ्या ऑफिसात एका सीनियर साहेबांना १ जुलैला मी अगदी उठून टेबलाशी जाऊन विश केलं तर ते हसून म्हणाले, "अहो ती कागदावरची आहे, आमचा दिवाळीत असतो." वाईट वाटलं नाही त्यांना, पण माझी पहिली शुभेच्छा वाया गेली. तर १ जून, १ जुलै, १ जानेवारी अशी तारीख दिसली की आधी शेजारच्या टेबलावर हळूच विचारून घ्या, "सरांचा खरंच आज असतो का?"

दुसरं म्हणजे तिथी. इथली जुनी मराठी मंडळी अजून तिथीने वाढदिवस करतात, आणि त्यात इंदूरला एक वेगळीच भानगड आहे जी महाराष्ट्रातून येणाऱ्याला माहीत नसते. आपला महिना अमावास्येला संपतो, इकडच्या हिंदी पंचांगातला पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षाला दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं पण वद्य पक्षात ते लोक एक महिना पुढे असतात. आपली जन्माष्टमी श्रावण वद्य अष्टमीला, त्यांची भादों वदी अष्टमीला, दिवस मात्र तोच.

माझ्याबाबतीत नेमकं हेच झालं. समोरच्या हिंदी बोलणाऱ्या आंटी बोलता बोलता म्हणाल्या की तुमच्या खालच्या अंकलचा जन्मदिन भादों वदी पंचमीला असतो, दरवर्षी घरात पूजा असते. मी घरी येऊन आपल्या कॅलेंडरात भाद्रपद वद्य पंचमी शोधली, तर तो आला पितृपक्षात. म्हटलं पितृपक्षात जाऊन शुभेच्छा कशा द्यायच्या, आणि त्यातून यांच्याकडे त्या पंधरवड्यात कुणाचं श्राद्ध असलं तर? म्हणून सहज त्यांच्या नातीला जिन्यात विचारलं तर ती म्हणाली आजोबांचा तर याच आठवड्यात आहे, राखीनंतर पाचव्या दिवशी. म्हणजे श्रावण वद्य पंचमी. विचारलं नसतं तर पूर्ण एक महिना उशिरा आणि नको त्या दिवसांत गेले असते. तेव्हा वद्यातली तिथी हिंदी बोलणाऱ्याकडून कळली असेल तर आपल्या कॅलेंडरात एक महिना मागे बघायचं. आणि तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते, मग अधिक महिना आला की परत पुढे जाते, म्हणून गेल्या वर्षीची इंग्रजी तारीख लक्षात ठेवून उपयोग नाही.

तिसरी एक गोष्ट हळूच बघून घ्यायची, ती म्हणजे घरात वर्षाच्या आत कुणी गेलंय का. असं असेल तर बरीच घरं वर्षश्राद्ध होईपर्यंत काहीच साजरं करत नाहीत. हे थेट विचारायचं नसतं, सणाला दारात तोरण नाही, रांगोळी नाही, एवढं दिसलं तरी समजतं. मग हॅपी बर्थडे मोठ्याने नाही म्हणायचं, भेटल्यावर "काका, तब्येत कशी आहे" एवढं विचारलं तरी चालतं.

कोणत्या नावाने हाक मारायची

पहिल्या शुभेच्छेत शब्दांपेक्षा हाकेवर जास्त लक्ष जातं. वयाने मोठे असतील तर काका-काकू, आडनाव माहीत असेल तर आडनाव लावून काका. आपल्याच वयाची बाई असेल तर ताई म्हणा, वहिनी नको, कारण वहिनी म्हणजे तुमची ओळख तिच्या नवऱ्याकडून आहे असा अर्थ होतो, आणि तो तुम्हाला कधी भेटलेलाच नसतो. पुरुष असेल तर दादा किंवा नुसतं आडनावाला "जी" लावलेलं इथे सगळीकडे चालतं, मराठी घरांत पण, इंदूरचा तो रिवाजच आहे. "भिया", म्हणजे इंदुरी बोलीतलं भैया, मात्र आपण पहिल्याच दिवशी म्हणू नका, ते त्यांनी तुम्हाला म्हटल्यावर. आणि अहो-जाहो सोडायचं नाही, समोरचा पंचविशीचा असला तरी, तो स्वतः "अरे तू म्हण ना" म्हणेपर्यंत.

भाषेचं पण इथे जपावं लागतं. आडनाव मराठी आहे म्हणजे घरात मराठीच बोलत असतील असं नाही, तिसऱ्या-चौथ्या पिढीत बऱ्याच जणांना मराठी समजतं पण बोलायला अवघड जातं. अशांना तुम्ही एकदम शुद्ध मराठीत सुरू केलंत की ते बिचारे अडखळतात, आणि वाढदिवसाच्या दिवशी कुणाला अडखळायला लावायचं नाही. म्हणून सुरुवात "हॅपी बर्थडे" ने करा, ते सगळ्यांचं आहे. समोरून "थँक्यू, तुम्ही नवीन आलात ना वर?" आलं तर मराठीत पुढे जा, "थँक्यू जी, आप ऊपर आए हैं ना" आलं तर हिंदीत.

शब्द

हिंदीत बधाई म्हणतात म्हणून इकडे राहून आपलेही लोक वाढदिवसाला "अभिनंदन" म्हणायला लागलेत, ते मला खटकतं. अभिनंदन म्हणजे काहीतरी मिळवलं त्याचं, पास झाला, घर घेतलं, प्रमोशन झालं. वाढदिवसाला शुभेच्छा. "जयंती" तर चुकूनही नाही, ती गेलेल्या माणसाची. असं म्हणणार कोण असं वाटेल, पण हिंदी की-बोर्डवरून मराठी टाइप करताना किंवा कुठलातरी तयार फोटो न वाचता पाठवताना हे होतं, मी ग्रुपवर पाहिलंय.

मोठ्यांना आपण आशीर्वाद देत नाही, त्यांच्याकडून घेतो. त्यामुळे "औक्षवंत व्हा", "शतायुषी भव" असं तिशीच्या माणसाने सत्तरीच्या काकांना म्हणायचं नसतं, ते वरून खाली यायचं. त्यांना "तब्येत छान राहो" म्हणायचं आणि वाकून नमस्कार. आता नमस्काराचं तुमच्या मनावर आहे, पण ओळख नवीन असेल तर पायाला हात लावला नाही आणि नुसते हात जोडले तरी कुणाला वाईट वाटत नाही. आपल्या वयाच्या किंवा लहान माणसाला "वर्ष छान जावो" पुरे.

आणि त्यात तुम्ही कोण हे सांगायचं विसरू नका, ही खरी गरज आहे. नवीन माणसाचा चेहरा लक्षात असतो, नाव नसतं, आणि समोरच्याला दिवसभरात पन्नास लोक विश करतात. मी काकांना जे म्हटलं ते इतकंच होतं:

"काका, वाढदिवसाच्या शुभेच्छा. मी वरची, पहिल्या मजल्यावर आलोय ना आम्ही मागच्या महिन्यात. तब्येत छान राहो तुमची."

ऑफिसात साधारण असं:

"हॅपी बर्थडे! मी मागच्या सोमवारीच जॉइन झाले, तुमच्या मागच्या रांगेत बसते. दिवस मस्त जावो."

यात प्रश्न एकही नाही ते बघा. "कितवा?" नाही, "पार्टी कधी?" नाही, "संध्याकाळी काय प्लॅन?" नाही. पार्टी मागणं मित्रांमध्ये प्रेमाचं असतं, पण पंधरा दिवसांच्या ओळखीत समोरच्याला ते खरंच मागितल्यासारखं वाटतं आणि मग तो कँटीनमध्ये समोसे मागवतो तुमच्यासाठी वेगळे. माणसाचं कौतुक पण नको, म्हणजे "तुम्ही किती चांगले आहात" वगैरे, तुम्हाला कुठे माहीत आहे अजून.

समोर की फोनवर

समोर भेटता येत असेल तर समोरच. जिन्यात, गेटपाशी, पार्किंगमध्ये भेटले तर तिथेच बोलून मोकळं व्हायचं, ते सगळ्यात हलकं. दार वाजवायचं असेल तर साडेनऊ-दहाच्या पुढे, तोवर अंघोळ-पूजा उरकलेली असते, किंवा संध्याकाळी पाच-सहाच्या दरम्यान. दिवेलागणीनंतर घरात औक्षण, पाहुणे, केक असं काय काय असतं, तेव्हा दारात गेलात की त्यांना आत बोलवावंच लागतं.

रात्री बाराला मेसेज नाही. हे मी केलेलं आहे, त्याच वर्षी, ऑफिसातल्या टेबलाशेजारच्या मुलीला, बरोबर बाराला एक लांबलचक कविता फॉरवर्ड केली, मला वाटलं किती छान वाटेल. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला नुसते हात जोडलेले पाठवले आणि आठवडाभर माझ्याशी जरा जपूनच बोलायची. बारा वाजताची वेळ घरच्यांची आणि जुन्या मित्रांची आहे, नवीन माणसाने तिथे जाऊन उभं राहिलं की समोरच्याला प्रश्न पडतो हिने आपला वाढदिवस एवढा लक्षात का ठेवला. आणि पुरुषांनी बाई सहकाऱ्याला पाठवताना तर हे दुप्पट पाळा, लाल बदाम, फुलांचे स्टिकर काही नको, दोन ओळी सकाळी दहाला.

नंबर कुठून मिळालाय तेही महत्त्वाचं. त्यांनी स्वतः दिला असेल तर वेगळा मेसेज चालतो. बिल्डिंगच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपवरून उचलला असेल तर ग्रुपवरच लिहा, वेगळा मेसेज नको. आणि तो डीपी वरचा फोटो घेऊन त्यावर फुगे, मागे सोनेरी अक्षरं असं बॅनर बनवून टाकायची पद्धत आहे ना, ती ओळखीत चालते पण नव्याने अजिबात नको, समोरच्याचा फोटो आपण न विचारता वापरतोय.

हातात काही न्यायचं का

नाही नेलं तर काहीच बिघडत नाही, खरंच. पण शेजारी असतील आणि मोकळ्या हाताने जायला तुम्हालाच कसंतरी होत असेल तर असं काही न्या की ज्याची किंमत काढता येणार नाही. दुकानातून पाव किलो काजूकतली नेली की तिची किंमत सगळ्यांना पाठ असते, आणि मग तुमच्या वाढदिवसाला तेवढीच परत येते. इंदूरला तर मिठाई-नमकीन नेऊच नका म्हणेन, इथे प्रत्येक घराचं सेव-नमकीनचं दुकान ठरलेलं असतं आणि ते बदलत नाहीत.

केक तर पहिल्यांदा नकोच. केक म्हणजे कापायला सगळ्यांनी जमायचं आलं, त्यांचा स्वतःचा आधीच आणलेला असतो, आणि शाकाहारी घरात अंड्याचा प्रश्न येतो, तो त्यांनी तोंडावर विचारायचा तरी कसा. ऑफिसात काँट्रिब्युशन निघालं तर आपला वाटा गुपचूप द्या, जास्त देऊ नका, आणि तोंडाला केक फासायच्या वेळी मागे उभे राहा.

मी काकांकडे एक वाटीभर मनुके नेले होते, आईने नाशिकहून पाठवलेले. श्रावण होता, त्यात कुणाचा कसला उपवास असेल ते मला माहीत नव्हतं, मनुके उपवासाला चालतात आणि काकांना साखर असती तरी घरात कुणीतरी खाल्लेच असते. स्टीलच्या वाटीत नाही, साध्या कागदी पुडीत नेले, कारण वाटी ठेवून आलं की ती भरून परत करायचं काम त्यांच्यावर येतं. ही पुडीची युक्ती मी अजून वापरते. गावाकडचं काहीही चालेल, चार लिंबं, आमसुलं, कढीपत्ता असला दारात तर तो.

दारात गेल्यावर

बेल एकदाच. दार उघडलं की उंबऱ्याबाहेरच उभं राहून आधी शुभेच्छा, मग पुडी, मग कोण ते. पहिलं "या ना आत" हे सगळेच म्हणतात, त्यावर "नाही काकू, पुन्हा येईन निवांत, नुसतं सांगायला आले" म्हणायचं. दुसऱ्यांदा "अहो चहा टाकलाय" आलं आणि कुणी बाजूला सरकून वाट करून दिली तर ते मनापासून आहे, तेव्हा मात्र नाही म्हणू नका, दहा मिनिटं बसा. माझ्या वेळी काकू बाजूला सरकल्या. आत गेले, सकाळचे दहा वाजले होते, पाटावर काका बसलेले, पूजा झालेली, पोहे झाले होते आणि वरून सेव घातलेली. मी चहा घेतला, पोहे अर्धी वाटी, वाढदिवसाबद्दल पुढे काही विचारलं नाही, त्यांनीच नाशिकचं विचारलं. औक्षणाची वेळ असेल आणि तुम्ही तिथे असाल तर स्वतःहून ताम्हण हातात घेऊ नका, ते घरच्या बायकांचं आहे, त्यांनी "या, तुम्हीही ओवाळा" म्हटलं तर ओवाळा. बाई असाल तर निघताना एकदम उठून चपला घालू नका, जरा थांबा, बऱ्याच घरांत हळदीकुंकू लावल्याशिवाय जाऊ देत नाहीत आणि जिन्यातून परत बोलवावं लागलं की त्यांना चुटपुट लागते.

जास्त झालं की बरोबर झालं हे कसं कळतं

"अहो कशाला एवढं" एकदा म्हणणं ही पद्धत आहे. दोनदा-तीनदा म्हणाले आणि चेहऱ्यावर जरा ओशाळलेपण आलं तर जास्त झालं. दुसऱ्याच दिवशी तुम्ही दिलं त्यापेक्षा मोठं काही घरी आलं तरी जास्त झालं. अशा वेळी ते आनंदाने ठेवून घ्यायचं आणि त्यावर आपण परत काही पाठवायचं नाही, तिथेच थांबवायचं, नाहीतर ही देवाणघेवाण दोघांनाही जड होते आणि मग लोक जिन्यात भेटायचं टाळायला लागतात. मेसेजला नुसता "थँक्यू" आला तर तो पूर्ण आहे, त्यावर "आणखी काय मग" असं पुढे ओढू नका.

उशिरा कळलं तर दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या दिवशी भेटल्यावर "काल कळलं मला, शुभेच्छा हं" चालतं. आठवडा उलटला की राहू दे, पुढच्या वर्षी.

आमच्या काकूंनी चार दिवसांनी नातीच्या हातून निरोप पाठवला की टाकीचं पाणी सकाळी सातच्या आधी भरून घेत जा, नंतर प्रेशर जातं. दीड महिना मी साडेसातला भरायचा प्रयत्न करत होते. त्याच दिवशी मी आपल्या कॅलेंडरात श्रावण वद्य पंचमीच्या चौकोनात पेन्सिलने "काका" लिहिलं, आणि डिसेंबरात नवीन कॅलेंडर आलं की आधी ते तिकडे उतरवून घेते.